दुकानाच्या फेऱ्या कमी करायच्या तर आधी दूध, ब्रेड, पालेभाजी आणि केळी

प्रश्न : घरात आम्ही चौघं, दोघं नोकरी करणारे आणि दोन शाळकरी मुलं. महिन्याच्या सुरुवातीला सगळा किराणा एकदम भरतो आणि रविवारी आठवड्याची भाजी आणतो. तरीही एक दिवसाआड कुणीतरी दुकानात जातंच. एवढं करून पालक सडतो, काकडी बुळबुळीत होते. दहा किलो कणकेत किडे झाले आणि पाच लिटरच्या डब्यातलं तेल शेवटी खवट लागलं. आठवड्याला काय घ्यायचं, पंधरा दिवसांनी काय आणि महिन्याला काय, हे ठरवायची काही पद्धत आहे का?

उत्तर : नमस्कार. पद्धत आहे. पण यादी करायला बसण्याआधी दोन आठवडे एक कागद फ्रिजच्या दारावर लावून ठेवा. कुणी दुकानात गेलं की कशासाठी गेलं ते त्यावर लिहायचं, आणि काही फेकलं की काय आणि किती फेकलं तेही लिहायचं. बाकी काही नको.

हा कागद भरला की बहुतेक घरांत एकच गोष्ट दिसते. फेऱ्यांची कारणं चार-पाच वस्तूंभोवती फिरत असतात: दूध, ब्रेड, पालेभाजी किंवा कोथिंबीर, आणि केळी. उरलेल्या फेऱ्या अचानक संपलेल्या वस्तूंसाठी असतात, म्हणजे मीठ, चहा पावडर, भांडी घासायचा साबण. या दोन प्रकारच्या फेऱ्यांचं मूळ वेगळं आहे. पहिल्या वस्तूंचं आयुष्यच कमी असतं. दुसऱ्या भरपूर टिकतात, पण संपत आल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्याची यादी कितीही नीट केली तरी ब्रेड दोन दिवसांपुरताच आणला असेल, तर तिसऱ्या दिवशी जावंच लागतं. घरातली सर्वांत कमी टिकणारी वस्तूच फेऱ्यांची संख्या ठरवते. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

दुधापासून पाहू. तुमच्या घरात रोज एक लिटर लागतं असं धरू, म्हणजे आठवड्याला सात लिटर. साध्या पाश्चराइज्ड दुधाच्या पिशवीवरची तारीख चार दिवसांचीच असेल, तर सात लिटर एकदम आणण्यात अर्थ नाही. चार लिटर ताजं घ्या आणि उरलेलं तीन लिटर यूएचटी प्रकारचं, कागदी खोक्यात येतं ते घ्या. बंद असेपर्यंत ते महिनोन् महिने फ्रिजबाहेर राहतं. मात्र एकदा फोडलं की त्याला साध्या दुधासारखंच वागवायचं: लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं आणि थोड्या दिवसांत संपवायचं. त्याचा टिकाऊपणा बंद खोक्यापुरताच असतो. आणि दूध फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार उघडल्यावर पहिली गरम हवा तिथेच लागते, त्यामुळे फ्रिजची ती जागा सर्वांत उबदार असते. आतल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवलं तर तारखेपर्यंत टिकण्याची शक्यता खूप वाढते. फ्रिजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं. एक स्वस्त थर्मामीटर आत रात्रभर ठेवून हे एकदा तपासा, कारण बटणावरचा आकडा म्हणजे अंश नव्हेत.

ब्रेडच्या बाबतीत बहुतेक जण नेमकी चूक जागा निवडतात. फ्रिजच्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च लवकर कडक होतो, म्हणून फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. फ्रीझरमध्ये ही क्रिया जवळपास थांबते. तेव्हा आठवड्याचा ब्रेड एकदम आणा, दोन दिवसांपुरता बाहेर ठेवा आणि बाकीचा कापलेल्या स्वरूपातच, हवा काढून बंद केलेल्या पिशवीत फ्रीझरमध्ये टाका. लागतील तेवढेच तुकडे काढून थेट भाजता येतात. बाहेरच्या ब्रेडवर बुरशीचा एक ठिपका दिसला तर पूर्ण पाकीट टाकून द्या. ब्रेड मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे बुरशी दिसते त्यापेक्षा आत बरीच पसरलेली असते.

पालेभाजी आठवडाभर टिकवायच्या नादात बहुतेकांची भाजी वाया जाते. पालक नीट ठेवला तर तीन ते पाच दिवस जातो. त्यापुढे काही युक्ती केली तरी तो मरगळतो. म्हणून आठवड्याला एकच जुडी आणा आणि ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच खायची हे आधीच ठरवा. आणल्यावर धुवू नका. पिवळी आणि चिरडलेली पानं काढा, कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळा आणि खालच्या खणात ठेवा. पानांवर राहिलेलं पाणी हेच सडण्याचं पहिलं कारण असतं, आणि एक सडलेलं पान शेजारच्या पानांना खराब करतं. आठवड्याच्या शेवटी हिरवं हवंच असेल तर त्यासाठी फ्रीझरमधला पालक किंवा मटार ठेवा.

केळी एकाच पिकलेपणाची आणली की सगळी एकाच दिवशी काळी पडतात. अर्धी पिकलेली आणि अर्धी हिरवट अशी घ्या, आणि चौथ्या दिवसानंतरच्या फळासाठी संत्री किंवा सफरचंद ठेवा. पिकलेलं केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते, पण आतला गर आणखी दोन-तीन दिवस चांगला राहतो. कच्चं केळं मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत ते पिकायचं थांबतं आणि बाहेर काढल्यावरही धड पिकत नाही.

या चार वस्तू आठवड्याच्या चौकटीत बसल्या की दर आठवड्याला एकच ठरलेली फेरी पुरते. आता बाकीच्या वस्तू कुठे टाकायच्या ते पाहू. त्यासाठी एक साधा भागाकार आहे. पाकिटाचं वजन भागिले रोजचा वापर, म्हणजे ते पाकीट घरात किती दिवस उघडं राहणार ते कळतं. हे दिवस त्या वस्तूच्या उघडल्यानंतरच्या आयुष्यापेक्षा स्पष्टपणे कमी असायला हवेत. ‘उघडल्यानंतरच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पाकिटावरची तारीख बंद पाकिटासाठी असते. सील फोडलं की ती लागू राहत नाही.

तुमची कणीक घ्या. रोज दीडशे ग्रॅम लागत असेल तर दहा किलो संपायला जवळपास ६७ दिवस लागतात. गव्हाच्या पूर्ण पिठात अंकुराचं तेल असतं. ते हवेशी संयोग पावून हळूहळू खवट होतं आणि पिठाला कडवट चव येते. उष्ण, दमट दिवसांत एक महिन्याच्या आत संपेल एवढंच पीठ घरात असावं, आणि तुम्ही त्याच्या दुप्पट आणलं. किड्यांचंही तेच. बऱ्याचदा त्यांची अंडी धान्यात किंवा पिठात आधीपासूनच असतात. ऊब आणि वेळ मिळाला की ती फुटतात, आणि दोन महिने म्हणजे भरपूर वेळ झाला. तुम्ही पाच किलोचं पाकीट महिन्याला घ्या. फ्रीझरमध्ये जागा असेल तर आणल्यावर पाकीट उणे १८ अंशांत चार दिवस ठेवा, मग बंद पाकीटच खोलीच्या तापमानावर येऊ द्या आणि नंतर फोडा. थंड असतानाच फोडलं तर हवेतली वाफ पिठावर बसते आणि गोळे होतात. सफेद मैद्यात अंकुर आणि कोंडा काढलेला असतो, म्हणून तो जास्त टिकतो. तीच गोष्ट तांदळाची. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ कोरड्या, घट्ट डब्यात वर्षानुवर्षं राहतो, तर ब्राउन राइस त्यावरच्या तेलकट थरामुळे काही महिन्यांतच खवट होतो.

तेलाचा हिशेबही असाच करा. महिन्याला सव्वा लिटर लागत असेल तर पाच लिटरचा डबा चार महिने उघडा राहतो. तो शेगडीजवळ असेल तर उजेड, उष्णता आणि दर वेळी झाकण उघडताना आत जाणारी हवा, तिन्ही मिळून तेल खराब करतात. डबा अर्धा झाल्यावर आत हवा जास्त आणि तेल कमी असतं, म्हणून शेवटचा लिटर सर्वांत आधी खवटतो. जुन्या रंगासारखा किंवा मातकट वास आला तर ते तेल वापरू नका. एक लिटरच्या बाटल्या घ्या, एक उघडी आणि एक अंधाऱ्या कपाटात बंद. मोठा डबा स्वस्त पडतो असं वाटतं, पण शेवटचं एक लिटर ओतून द्यावं लागलं तर पाच लिटरच्या किमतीत चारच मिळाले.

हा भागाकार प्रत्येक वस्तूसाठी करत बसू नका. मीठ, साखर, पांढरा तांदूळ, डाळी आणि पास्ता कोरडे राहिले तर इतके टिकतात की तिथे प्रश्न फक्त कपाटातल्या जागेचा असतो. हिशेब लागतो तो तेल असलेल्या वस्तूंना (पूर्ण पीठ, दाणे, सुकामेवा, तीळ, जवस), वास हेच ज्यांचं मोल आहे अशांना (दळलेले मसाले, कॉफी पूड), आणि फ्रिजमध्ये उघड्या राहणाऱ्यांना (दही, चीज, सॉस). अख्खे मसाले वर्षभर सहज टिकतात, पण दळले की त्यांचा वास उडू लागतो. म्हणून अख्खे मोठ्या पाकिटात आणि दळलेले लहान पाकिटात घ्या. दळलेली कॉफी उघडल्यावर दोनेक आठवड्यांत निस्तेज होते. ती महिन्याच्या यादीत टाकू नका, पंधरवड्याच्या यादीत टाका.

पंधरवडा हा भाग बहुतेक लोक वगळतात, आणि खरा फायदा तिथेच आहे. बटाटे, कांदे, लसूण, गाजर, बीट, कोबी, लिंबं, सफरचंदं, अंडी, लोणी आणि चीज या सगळ्या वस्तू दोन आठवडे आरामात राहतात, तरी सवयीने त्या दर आठवड्याला आणल्या जातात. मग जुन्या खाली दबतात आणि नव्या आधी वापरल्या जातात. या दर दुसऱ्या आठवड्याच्या फेरीलाच घ्या. आठवड्याची पिशवी हलकी होते आणि भाजीचा खण मोकळा राहतो. खण खच्चून भरला की थंड हवा फिरत नाही आणि तळाशी काय आहे ते दिसत नाही.

ठेवण्याची जागा मात्र सांभाळावी लागते. बटाटे अंधारात, गार आणि हवेशीर जागी ठेवा. उजेड लागला की ते हिरवे होतात आणि त्यांत सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. थोडा हिरवेपणा असेल तर तो भाग खोल कापून टाका. बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर पूर्ण फेका. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो लवकर काळपट पडतो. कांद्याला कोरडी हवा लागते आणि बटाटा ओलावा सोडतो, म्हणून दोघांच्या टोपल्या वेगळ्या ठेवा. गाजरं आणि बीट यांचा पाला आणल्या आणल्या कापा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि चार दिवसांत गाजर वाकतं.

आता काकडी. तिचा दोष तुमच्याकडे नाही, फ्रिजच्या थंडीकडे आहे. काकडीला १० अंशांखालची थंडी फार दिवस सोसत नाही. आधी सालीवर खड्डे पडतात, मग ती पाणचट होते आणि शेवटी बुळबुळीत. म्हणून काकडी फ्रिजच्या सर्वांत कमी थंड जागी, दाराजवळच्या वरच्या फळीवर ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तिच्या शेजारी सफरचंद किंवा पिकलेले टोमॅटो नकोत. ही फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने काकडी पिवळी पडते, पालेभाजीही. सफरचंदाशेजारची गाजरं तर कडू लागतात. सफरचंदं पिशवीत बंद करून वेगळ्या खणात ठेवली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

आठवड्याची भाजी किती आणायची हे सात दिवसांवरून ठरवू नका, पाच दिवसांवरून ठरवा. एखाद्या दिवशी बाहेर जेवण होतं, एखाद्या दिवशी कालचं उरलेलं असतं. सात दिवसांची आणली की दोन दिवसांची नेमकी फेकली जाते. माणशी एका वेळी सव्वाशे ते दीडशे ग्रॅम कच्ची भाजी धरली तर चौघांना एका जेवणाला पाचशे ते सहाशे ग्रॅम लागते, मुलं लहान असतील तर थोडी कमी. दिवसाला एक भाजी धरली तर पाच दिवसांची साधारण अडीच ते तीन किलो झाली. ती नाजूकपणाच्या क्रमाने संपवायची. पहिल्या दोन दिवसांत पालक आणि मशरूम. मग काकडी, फरसबी, ढोबळी मिरची. फ्लॉवर त्यानंतर चालतो. शेवटच्या दोन दिवसांसाठी पंधरवड्याच्या साठ्यातला कोबी, गाजर, बटाटा किंवा एखादं कडधान्य. अडीच-तीन किलोंतला किलोभर माल पंधरवड्याच्या साठ्यातून येत असेल, तर आठवड्याला ताजी भाजी दोन किलोच्या आतच आणायची आहे हे तुमच्या लक्षात येईल. बहुतेक चौकोनी घरं याहून बरंच जास्त आणतात.

अचानक संपणाऱ्या वस्तूंचा इलाज सोपा आहे. मीठ, साखर, चहा, तेल, साबण आणि रोज लागणाऱ्या डाळी यांचं एक पाकीट उघडं आणि एक बंद ठेवा. बंद पाकीट फोडताना त्याच क्षणी ते नाव यादीवर लिहायचं. उघडं पाकीट संपण्याची वाट पाहायची नाही. ही सवय घरातल्या सगळ्यांना लागली पाहिजे, नाहीतर यादी एकाच्याच डोक्यात राहते आणि तो माणूस दमतो. पण पीठ, दळलेले मसाले, दाणे आणि सुकामेवा यांचं दुसरं पाकीट ठेवू नका, कारण बंद असताना तेही जुनं होत राहतं. डब्यात नवीन माल जुन्यावर ओतू नका. डबा रिकामा करा, पुसून कोरडा करा, नवीन भरा आणि जुनं वर ठेवा. वरून भरत राहिलं तर तळाचा माल महिनोन् महिने तिथेच राहतो आणि कीड तिथूनच सुरू होते. पिठात जाळ्यासारखे धागे दिसले तर ती पतंगाच्या अळीची खूण आहे. तेव्हा शेजारचे डबेही तपासा, कपाटाच्या फटी पुसा आणि मगच नवीन माल ठेवा.

तुमच्या घरासाठी महिन्याचं वेळापत्रक असं बसेल. फेरी नेहमी एकाच वारी ठेवा, समजा रविवारी. पहिल्या रविवारी महिन्याचा किराणा: पाच किलो कणीक, तांदूळ, डाळी, साखर, चहा आणि साबणासारख्या वस्तू. त्याच फेरीत पंधरवड्याचा आणि आठवड्याचाही माल, म्हणून ही फेरी सर्वांत जड असते आणि तिला दोघांनी जावं. दुसऱ्या रविवारी फक्त दूध, ब्रेड, फळं आणि ताजी भाजी. तिसऱ्या रविवारी त्यात बटाटे, कांदे, गाजर, कोबी, अंडी, लोणी आणि कॉफी यांची भर. चौथा रविवार दुसऱ्यासारखाच हलका. महिन्यात पाचवा रविवार आला तर पंधरवड्याच्या वस्तू तेव्हा परत घ्या, कारण तोवर चौदा दिवस झालेले असतात. महिन्याच्या वस्तू मात्र पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत ताणतात, म्हणून त्या पस्तीस दिवसांच्या धरून घ्या. जाण्याआधी पाच मिनिटं फ्रिज आणि कपाट उघडून पाहायचं आणि जे अजून आहे ते यादीतून खोडायचं.

मध्ये काही संपलं तर लगेच पळू नका. पुढच्या रविवारपर्यंत त्याच्याशिवाय चालतं का, एवढंच विचारा. मुलांचं दूध किंवा औषध असेल तर जा. ढोबळी मिरची संपली असेल तर दुसरं काही शिजवा. जावं लागलंच तर त्या एका वस्तूखेरीज काही घेऊ नका. मधल्या फेरीत सहज उचललेली जादा जुडी रविवारच्या भाजीवर येऊन बसते आणि मग दोन्ही खराब होतात. एकावर एक फुकट मिळतंय तेव्हाही वरचाच भागाकार करा. दुसरं पाकीट आयुष्याच्या आत संपणार नसेल तर ते घेऊ नका.

प्रत्येक पाकिटावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा आणि रिकामं झालं की किती दिवस गेले ते कागदावर टिपा. महिन्याभरात तुमच्या घराचे खरे आकडे हातात येतील, वर धरलेले अंदाजाचे नव्हेत. एखादी वस्तू दोन वेळा फेकली गेली तर तिचं पाकीट लहान करा किंवा ती एक पायरी अलीकडे आणा, महिन्यावरून पंधरवड्यावर किंवा पंधरवड्यावरून आठवड्यावर. दोन वेळा वेळेआधी संपली तर पुढच्या वेळी थोडी जास्त घ्या, पण अंतर बदलू नका. उकाडा वाढला की पीठ, दाणे, बटाटे आणि कांदे यांची अंतरं निम्म्यावर आणा आणि हवा गार झाली की परत वाढवा.